बटणांच्या कडा

जिभेच्या ऑपरेशननंतर माझ्या बायकोला बोलता येईना, तेव्हा तिनं फोनवर टाइप करून बोलायला सुरुवात केली. मला त्यात काही नवल वाटलं नाही. टाइप करणं हा तिचा धंदाच होता.

रत्नागिरीच्या बाजारपेठेमागे एका गल्लीत, कापडाच्या दुकानाच्या माडीवर तिचा टायपिंगचा क्लास होता. मराठी आणि इंग्रजी. सरकारी परीक्षेला बसणारी मुलं-मुली यायची, जास्त करून मुलीच. मी वाचनालयात नोकरीला होतो. संध्याकाळी वाचनालय बंद करून मी तिला घ्यायला जायचो आणि जिन्यातल्या पायरीवर बसून शेवटची बॅच सुटायची वाट बघायचो. वर यंत्रांचा खडखडाट आणि मध्येच तिचा आवाज. क्लासमध्ये एकच नियम होता, बोटांकडे बघायचं नाही. नवीन मुलगी आली की तिच्या हातांवर ती पुठ्ठ्याचं झाकण ठेवायची, म्हणजे बटणं दिसायलाच नकोत. तरी एखादी वाकून झाकणाखाली डोकवायची. मग वरून आवाज यायचा, "काय पडलंय का गो तिथे? सापडलं तर आम्हालाही दे."

पुढे परीक्षा संगणकावर गेली, यंत्रं भंगारात गेली आणि क्लास बंद झाला. तिनं त्याचं फार दुःख केलं नाही. पण घरात टीव्ही बघताना तिची बोटं मांडीवर हलत असायची. समोर जे बोललं जाई ते ती मनातल्या मनात टाइप करत असे. मी विचारलं तर म्हणायची, "सवय. तुम्ही नाही का चालताना दुकानांच्या पाट्या वाचत?"

हे सगळं अशासाठी सांगितलं, की पुढे जे झालं ते तिच्या या कौशल्यामुळेच झालं.

ऑपरेशन मुंबईला झालं. मग किरणं, मग सलाईनमधून द्यायची औषधं. मुलगा मुंबईत नोकरीला आहे, तो धावपळ करत होता. सगळं आटोपून आम्ही रत्नागिरीला परतलो तेव्हा तिच्या घशातून जे निघे ते आम्हाला कळत नसे, आणि आम्हाला कळत नाही हे तिला कळे. म्हणून ती मला मेसेज लिहायची आणि पाठवायच्या ऐवजी फोनच माझ्यासमोर धरायची. "मीठ नाही." "पंखा कमी." "शेजारीण पुन्हा सहानुभूती घेऊन आली तर मी झोपलेय." मी वाचायचो आणि उत्तर तोंडानं द्यायचो. आमचा संसार असा अर्धा काचेवर आणि अर्धा हवेत चालू होता, पण चालू होता.

नंतर औषधांनी तिच्या बोटांची टोकं बधिर केली. डॉक्टर म्हणाले, असं होतं, काहींचं परत येतं, काहींचं येत नाही. ब्लाउजचे हूक तिला लावता येईनात. कप हातात आहे की नाही हे ती बघून ठरवायची. मी मुलांची पाटी आणून दिली, पेन्सिल बोटांतून घरंगळून गेली. वही-पेनाचंही तेच. फोनवर मात्र बोट नुसतं टेकवायचं होतं, दाब द्यायचा नव्हता, म्हणून तेवढं जमत राहिलं. चुका वाढल्या, पण आम्ही समजून घेत होतो.

दिवाळीला मुलगा आला तो तिच्यासाठी नवीन फोन घेऊन. मोठ्या स्क्रीनचा. आल्या दिवशीच ओटीवर बसून त्यानं जुन्या फोनमधलं सगळं नव्यात घेतलं. आमच्या अल्बममधला एक फोटो त्यानं आधीच काढून नेला होता. क्लासच्या कुठल्याशा वर्षीचा निरोपसमारंभ. मध्ये खुर्चीवर ती, भोवती पांढऱ्या साड्या नेसलेल्या मुली, पुढे टेबलावर यंत्रं. त्या फोटोचा फोटो काढून त्यानं तो कीबोर्डची थीम म्हणून लावला होता. टाइप करायला गेलं की खालून तो क्लास उगवायचा आणि त्याच्यावर अक्षरं.

"आई, हे बघ. तुझा अख्खा क्लास. आता तू लिहिशील तेव्हा सगळ्याजणी तुझ्या बोटांखाली."

ती हसली. ऑपरेशननंतर तिचं हसू अर्ध्यातच थांबायचं, पण ते हसूच होतं.

मी चष्मा लावून पाहिलं. म्हटलं, "अक्षरं नीट दिसतात का रे?"

"बाबा, अक्षरं तुम्हाला लागतात. आईनं आयुष्यात कधी बटणाकडे बघितलंय का?" तो तिच्याकडे वळला. "काय गं? पुठ्ठा ठेवू का फोनवर?"

ती पुन्हा हसली, आणि मान ताठ करून तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्मा काढला.

"आधी बटणांना चौकटी होत्या," मुलगा मला समजावत म्हणाला. "त्या काढल्या. चौकटी ठेवल्या की सगळ्यांचे चेहरे कापले जातात."

तो मुंबईला परत गेला. पुढच्या काही दिवसांत ती नव्या फोनवर काहीतरी लिहायची, बघायची, पुसायची. पुन्हा लिहायची. एकदा तिनं फोन माझ्यासमोर धरला, त्यावर नुसती अक्षरं होती, शब्द नव्हता. मी विचारलं, "काय?" तिनं फोन परत घेतला आणि पालथा ठेवला. मग ती लिहीनाशी झाली. फोन उशीपाशी पडून असे. मुलाचा फोन आला की ती कानाला लावून ऐकायची आणि मला देऊन टाकायची.

या गप्प बसण्याचा आम्ही प्रत्येकानं आपापला अर्थ लावला. मुलगा म्हणाला, डिप्रेशन आहे. इथल्या डॉक्टरांनी एक गोळी दिली. शेजारीण म्हणाली, आता त्यांना बोलावंसंच वाटत नसेल. आणि मी, ज्यानं जन्मभर पुस्तकांच्या कपाटांत दिवस काढले, मला वाटलं की ती आता आत वळली आहे, माणसं शेवटाकडे अशी वळतात, त्यांना हाका मारू नयेत. मी तिच्याजवळ बसून असायचो. हाका मारत नव्हतो.

डिसेंबरात पुन्हा तपासणी झाली आणि आजार मानेत परत आल्याचं कळलं. मुंबईच्या डॉक्टरांनी एक नवीन औषध सुचवलं. दर काही आठवड्यांनी भरती व्हायचं. किती फरक पडेल याची खात्री त्यांनी दिली नाही, पण फरक पडेलच नाही असंही म्हणाले नाहीत. मुलानं ठरवून टाकलं. आईला मुंबईला आणायचं, आपल्याकडेच ठेवायचं. गाडी ठरली. त्यानं फोनवर तिला सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "येतेस ना?" मी बघत होतो. तिनं मान हलवली, नाही म्हणून. मी तसं त्याला सांगितलं.

"ती नाहीच म्हणणार, बाबा," तो म्हणाला. "ती चहाला तरी कधी पहिल्या वेळी हो म्हणाली का?"

हे खरं होतं. आमच्याकडे पहिलं नको कोणी धरत नाही. पाहुण्यानं नको म्हणायचं आणि आपण वाढायचं, ही रीत आहे. तिचं तर विशेष होतं. नवीन साडी नको, डॉक्टर नको, माझ्यासाठी थांबू नका. तिच्या नकोच्या मागे नेहमी दुसऱ्या कुणाची तरी सोय असायची, आणि आम्ही घरातले ते नको बाजूला सारून तिला हवं ते करायला शिकलो होतो. त्यामुळे आता मान हलली तेव्हा मुलाला वाटलं, तिला त्याच्यावर भार टाकायचा नाही. मलाही तसंच वाटलं. पण तिनं मान पुन्हा हलवली, आणि मग डोळे मिटून घेतले, आणि मला काही कळेना. तिला काय हवं आहे हे त्या घरात फक्त तिला माहीत होतं. गाडी रविवारी निघायची होती.

त्याच आठवड्यात तिची धाकटी बहीण लांज्याहून एसटीनं आली. अक्का मुंबईला जायची, त्याआधी चार दिवस राहावं म्हणून. ही बहीण काजूच्या कारखान्यात बिया फोडायला आणि सोलायला जाते. बोलणं अखंड. दारातून आत येताना जे वाक्य सुरू होतं ते पाणी पिऊन झालं तरी चालू असतं.

"अक्का, बरी दिसतेस गो. नाय, खरंच. मागच्या वेळी कशी होतीस, आता गालावर रंग हाय. भाऊजी, तुम्ही मात्र वाळलात. स्वतः करून खाता की नुसती पुस्तकं खाता? आणि हे बघ, हे बघ अक्का, आमच्या शेजारणीच्या लेकीचं लग्न, हे जेवणाचं पान, ही भाजी बघ कशी पाण्यासारखी, आणि ही नवऱ्याची आई, हिचं तोंड बघ..."

तिनं आपला फोन अक्काच्या हातात दिला होता आणि वरून बोलतच होती. माझी बायको फोटो बघत होती. मग तिनं फोटो बंद केले. मेसेजचं पान उघडलं. तिचं बोट स्क्रीनवर थांबलं, उतरलं, थांबलं, उतरलं. बहीण लग्नातल्या मानापमानावर पोचली होती. बायकोनं फोन वर धरला.

बहिणीनं वाचलं आणि गप्प झाली. मग तिनं फोन माझ्याकडे वळवला. त्यावर लिहिलं होतं, "जरा गप बस."

"मेली," बहीण म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. हसता हसता तिचे डोळे भरले. "महिनाभर भाऊजी सांगतायत, लिहीत नाय, बोलत नाय. आणि पहिला शब्द काय, तर मला गप बस!"

मी मात्र फोनकडे बघत होतो. वाक्यात एकही चूक नव्हती.

"यावर लिहिता येतं," मी बायकोला विचारलं, "मग तुझ्या फोनवर का नाही?"

तिनं बहिणीचा फोन परत घेतला. वेळ लागला. आम्ही थांबलो, बहीणसुद्धा. "माझ्या फोनवर अक्षरं सापडत नाहीत," तिनं लिहिलं. आणि मग, "मुली मध्ये येतात."

मी दोन्ही फोन तिच्या पांघरुणावर शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हींवर कीबोर्ड उघडला. मग जे मला आधी दिसायला हवं होतं ते दिसलं. तिच्या फोनवर फोटो उजळ ठेवला होता, चेहरे दिसावेत म्हणून. अक्षरंही पांढरी होती. पांढरी अक्षरं पांढऱ्या साड्यांवर. क आणि च तर टेबलापाशी बसलेल्या दोघींच्या पदरांत विरून गेले होते. बटणांना कडा नव्हत्या, त्यामुळे एक अक्षर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे कळायला काही आधारच नव्हता. धडधाकट बोटांच्या माणसाला अंदाज आला असता. पण बोटाला काही कळत नाही आणि नजरेला कडा सापडत नाही, असं झालं की माणूस कशाच्या आधारानं लिहिणार? यंत्राची बटणं तिला न बघता सापडायची, कारण ती बटणं खोलगट होती, त्यांच्यात फट होती, बोट जागच्या जागी बसायचं. काचेला जागा नसतात. आणि फोनवर मराठी अक्षरांची मांडणीही त्या यंत्रासारखी नाही. तिला जे पाठ होतं ते इथे कुठेच नव्हतं.

बहिणीचा कीबोर्ड साधा होता. राखाडी, प्रत्येक अक्षराला स्वतःची चौकट, आणि सगळी बटणं उंच.

"हे कुणी करून दिलं?" मी विचारलं.

"आमच्या कारखान्यातल्या पोरीनं. माझी बोटं ही बघा." तिनं पंजा पसरला. काजूच्या चिकानं बोटांची टोकं काळी आणि जाड झाली होती. "दाबायचं एक आणि उमटायचं दुसरं. नवऱ्याला 'जेवायला या' लिहायचं तर 'जेवायला जा' जायचं. त्या पोरीनं काय केलं काय म्हायत, पण तेव्हापासून बरं हाय."

तिला काय केलं ते माहीत नव्हतं, तेव्हा ते मलाच शोधावं लागलं. दुपार त्यात गेली. बायकोच्या फोनवर कीबोर्डच्या वरच्या पट्टीत सेटिंगचं दातेरी चाक होतं. त्यात थीम. थीममध्ये रंगांचे चौकोन होते आणि सर्वांत वर हा फोटो. मी पांढरी थीम दाबली. खाली नमुन्याचा कीबोर्ड दिसला आणि त्याच्या खाली बटणांच्या कडांसाठी एक छोटा खटका, बंद. तो चालू केला तशी प्रत्येक अक्षराभोवती चौकट उभी राहिली.

"थांबा," असं ती मानेनं म्हणाली. माझं मनगट धरून तिनं मला आधीच्या थीमवर परत जायला लावलं. पुन्हा क्लासचा फोटो आला. ती त्याच्याकडे बघत राहिली. बहीण म्हणाली, "अगो, फोटो जात नाय कुठे. गॅलरीत हायच ना." बायकोनं बोटानं एका मुलीचा चेहरा दाखवला, मग दुसरीचा. मला नावं आठवत होती, मी सांगितली. मग तिनं माझं मनगट सोडलं.

पांढऱ्या थीमचा उजेड तिच्या डोळ्यांना लागला. काळी घेतली. काळ्यावर राखाडी चौकटी आणि त्यांत पांढरी अक्षरं. तिनं लांबून पाहिलं, जवळून पाहिलं आणि बोट टेकवलं. क. पुन्हा क. मग च.

मग उंची. ती वेगळ्या ठिकाणी होती, सेटिंगमधल्या 'प्राधान्यं' नावाच्या पानावर. आधी मी सर्वांत उंच केली, जास्त तेवढं चांगलं या हिशोबानं. कीबोर्डनं अर्धी स्क्रीन खाल्ली. वरच्या ओळीपर्यंत पोचायला तिला मनगट उशीवरून उचलावं लागे, आणि लिहिलेलं तिचं तिलाच दिसेना. एक पायरी कमी केली. ते बसलं. उंची वाढवली तरी बटणांची रुंदी तेवढीच राहते, आणि मराठीत एका ओळीत बटणं जास्त, म्हणून शेजारचं अक्षर चुकून लागायचंच. पण वरचं-खालचं लागणं थांबलं. फोन आडवा करून पाहिला, बटणं रुंद झाली खरी, पण लिहायला जागाच उरेना. तो नाद सोडला. आणखी एक गोष्ट होती. बोट टेकलं आहे की उचललं हे तिला कळत नसे, त्यामुळे ते रेंगाळायचं आणि बटणावर दुसरीच अक्षरं उगवायची. किती वेळ दाबल्यावर ती उगवावीत हेही तिथे बदलता येत होतं. तो वेळ वाढवला.

हे सगळं होईतो दिवेलागण झाली होती. बहीण चहा ठेवायला उठली. बायको लिहीत होती.

"मला मुंबईला नेऊ नका."

मी म्हटलं, "त्याच्यावर भार पडेल म्हणून म्हणतेस का?"

तिनं मान हलवली, आणि मग, बहुधा मान हलवण्याचा काय उपयोग होतो ते आठवून, पुन्हा फोन घेतला. "रीतीचं नको नाही. नको."

"का?"

याला फार वेळ लागला. चहा आला आणि निवला. "नवीन औषध त्याच जातीचं. मी डॉक्टरांना बोलताना ऐकलं. उरलेली बोटं जातील. आता कुठे बोलायला लागले."

बहीण माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिनं निवलेले कप उचलले आणि आत नेले.

बायकोनं तोच निरोप मुलाला पाठवला. थोड्या वेळानं माझा फोन वाजला.

"बाबा, आईच्या फोनवरून आलंय ते कुणी टाइप केलं?"

"तिनं."

"महिनाभर एक अक्षर नाही, आणि आज एकदम एवढं? मावशी आलीय ना तिथे?"

"आलीय. पण लिहिलं तुझ्या आईनं."

"तुम्हाला तिला न्यायचं नाहीये का?" त्यानं विचारलं. रागानं नव्हे. तिनंच लिहिलंय हे मी त्याला कसं पटवणार? आवाज असता तर आवाज ओळखता आला असता, हस्ताक्षर असतं तर वळण. पण फोनवरची अक्षरं कुणाचीही सारखीच दिसतात. मी म्हटलं, "तू ये आणि बघ."

तो शनिवारी सकाळी आला, गाडी घेऊनच. आईला नमस्कार करून तिच्या पलंगावर बसला आणि तिचा फोन हातात घेतला.

"फोटो काढून टाकलास?" त्याचा चेहरा मी पाहिला. लहानपणी वाढदिवसाला दिलेली वस्तू कुणी परत केली की मुलांचा होतो, तसा. "आणि हे काय गं, काळं काळं. म्हाताऱ्यांच्या कॅल्क्युलेटरसारखं."

तिनं त्याच्या हातून फोन घेतला आणि उशीवर ठेवला. बोट हवेत थांबलं. ती अक्षर शोधत होती. हे तो पहिल्यांदाच बघत होता. डोळे डावीकडून उजवीकडे, एका ओळीतून दुसरीत, मग सापडलं, मग बोट तिथे नेणं, मग खाली टेकवणं, मग टेकलं का ते बघणं. एकेका अक्षराला हे सगळं. "मला" होईपर्यंत वरच्या पट्टीत फोननं पुढचे शब्द सुचवले होते, त्यानं मदतीला म्हणून त्यातला एक दाबायला हात पुढे केला. तिनं मनगटानं त्याचा हात बाजूला सारला.

"मला आता बघूनच लिहावं लागतं."

मुलगा वाचत राहिला. मग म्हणाला, "मग सांगितलं का नाहीस?" आणि बोलता बोलताच आपण काय विचारलं ते त्याला कळलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली. ती मात्र उत्तर लिहीत होती.

"कशानं सांगू?"

मी खिडकीपाशी उभा होतो. आमच्या आवाराच्या दगडी गडग्यावर शेजारचं मांजर बसलं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"आई, औषधानं वर्ष मिळेल कदाचित," तो म्हणाला. "जास्तही मिळेल."

"बोटं जातील."

"बोटांचं काय घेऊन बसलीस? जीव जाईल!"

तो ओरडला नव्हता, पण आवाज फुटला. ती लिहू लागली. मध्येच चुकली, पुसलं, पुन्हा लिहिलं. उंच कीबोर्डमुळे वर एक-दोन ओळीच दिसत होत्या, आणि तो तिच्या खांद्यावरून वाकून एकेक अक्षर उमटताना बघत होता. शब्द पुरा व्हायच्या आधीच त्याला कळत होता, तरी त्यानं हात पुढे केला नाही.

"जीव जाणारच आहे. तोवर बोलू दे."

तो उठून बाहेर गेला. गडग्याशी उभा राहून त्यानं गाडीवाल्याला फोन केला. त्याचं बोलणं मला नीट ऐकू आलं नाही. आत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाला, "सोमवारपर्यंत राहतो." तिनं लिहिलं, "मग बाजारातून सुरमई आण. मला नाही, तुमच्यासाठी. बाबा तुला डाळभातच घालतील."

त्यानंतर ती जगली ते आंब्याला कैऱ्या धरेपर्यंत. इथल्या डॉक्टरांनी वेदनेची औषधं चालू ठेवली. मी वाचत असायचो, ती लिहीत असायची. ती काही थोर बोलली नाही. पेज पातळ झाली, नर्सबाई सुई टोचताना श्वास धरते, तुम्ही ते पुस्तक तिसऱ्यांदा वाचताय, बहिणीला सांगा पोटऱ्या दुखतात तर बसून काम कर. मुलाला ती रोज लिहायची. काय लिहायची ते मी विचारत नसे. कधी कधी दिवसभरात एकच वाक्य व्हायचं, आणि संध्याकाळी ते मला दाखवताना तिच्या चेहऱ्यावर दमणूक आणि समाधान एकत्र असायचं. पुढे पुढे झोपेची औषधं वाढली. लिहिताना बोट स्क्रीनवरच राहायचं आणि डोळे मिटायचे. मी ते बोट उचलून पांघरुणावर ठेवायचो. एका सकाळी ती उठली नाही.

मुलगा तेरा दिवस राहिला. तेराव्याला माणसं जेवून गेली, बहीण भांडी आवरत होती, आणि आम्ही दोघं ओटीवर बसलो.

"नेलं असतं तर अजून असती," तो म्हणाला.

"असती कदाचित."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला माहीत नाही."

मला खरंच माहीत नव्हतं. अजूनही नाही. तिनं सांगितलं आणि आम्ही ऐकलं, एवढंच मी शपथेवर सांगू शकतो. ते बरोबर होतं का हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही, आणि ज्या दिवशी मन फार जड असतं त्या दिवशी मला वाटतं की तो खटका मला सापडलाच नसता तर ती मुंबईला गेली असती, गप्प, आणि कदाचित या क्षणी तिथल्या एखाद्या खोलीत श्वास घेत असती. मग मला तो महिना आठवतो, फोन पालथा ठेवलेला, आणि पुढचा विचार मी करत नाही.

त्यानं खिशातून फोन काढला आणि आईचे निरोप उघडले. वरपासून खाली सरकवत गेला. दिवाळीनंतरच्या पानात त्याचेच निरोप एकाखाली एक होते, उत्तर नसलेले. मग ते संपले आणि तिचे सुरू झाले. एकेक छोटा, काहींत अक्षर चुकलेलं, काहींत शब्द अर्धा. तो वाचू लागला. सावकाश, जणू त्यालाही प्रत्येक अक्षर शोधावं लागत होतं. मध्येच एका निरोपावर थांबून तो हसला, आणि ते हसू चेहऱ्यावर तसंच असताना रडू लागला.

काय होतं त्यात, ते मी विचारलं नाही. ते तिनं त्याला लिहिलेलं होतं.